एकच नट, चौदा पॅनेल: स्टोरीबोर्डमध्ये चेहरा निसटतो तो या चुकांमुळे

नटाचे वीस-बावीस फोटो हातात आहेत, स्क्रिप्टमधला प्रसंग ठरलेला आहे आणि इमेज मॉडेलकडून चौदा पॅनेल काढायची आहेत. पहिलं पॅनेल छान येतं. तिसऱ्यात जबडा जरा रुंद होतो, सहाव्यात तो माणूस त्याच्या चुलतभावासारखा दिसायला लागतो आणि अकराव्यात भलताच कुणीतरी जॅकेट घालून उभा असतो. मग प्रॉम्प्टमध्ये शब्द वाढवले जातात, सीड, म्हणजे सुरुवातीचे यादृच्छिक आकडे, बदलले जातात, रात्र जाते. पण बहुतेक वेळा बिघाड पॅनेल काढताना झालेलाच नसतो. तो त्याआधी, फोटो निवडताना आणि मॉडेलला शिकवताना झालेला असतो.

कारण असं की मॉडेलला माणूस कळत नाही, त्याला फक्त फोटो कळतात. नाक कसं आहे ही माणसाची गोष्ट आणि उजेड डावीकडून येतोय ही त्या फोटोची गोष्ट, हा फरक त्याला कुणी सांगितला नाही तर तो दोन्ही एकत्र गिळतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका गोष्टीतून निघतात.

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरू. नट तिशीतला, बारीक दाढी, डाव्या गालावर तीळ, भांग उजव्या बाजूला. प्रसंग असा: तो रात्री घरी येतो, दार उघडंच सापडतं, टेबलावर पत्र असतं, तो फोन लावतो, धाकटा भाऊ येतो, वाद होतो, हा पावसात निघून जातो. कपडे सगळीकडे तेच, निळा शर्ट आणि राखाडी जॅकेट. साधन आहे एसडीएक्सएल हे इमेज मॉडेल आणि त्यावर शिकवलेली लोरा. लोरा म्हणजे मूळ मॉडेलला हात न लावता त्याला जोडायची छोटी फाइल, जिच्यात या एका माणसाचा चेहरा साठवला जातो.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. नटाची लेखी संमती घ्या आणि तिच्यात फोटो कशासाठी वापरणार, लोराची फाइल कोणाकडे राहणार, काम संपल्यावर तिचं काय होणार, हे स्पष्ट लिहा. ती फाइल म्हणजे त्याचा चेहरा आहे. ती कुणाच्याही हाती लागली तर त्याला कशातही उभं करता येतं.

चूक पहिली: आले तेवढे सगळे फोटो घालणे

जास्त फोटो म्हणजे जास्त ओळख, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात एकाच संध्याकाळी, एकाच शर्टात, एकाच कोनातून काढलेले आठ फोटो मॉडेलला एकच गोष्ट आठदा सांगतात. तो शर्ट आणि तो फ्लॅशचा उजेड हीही याच्या चेहऱ्याचीच लक्षणं आहेत, असं मॉडेल धरून चालतं.

आपल्या उदाहरणात बावीस फोटो आले. त्यांतले आठ एका समारंभातले, सगळे पिवळ्या शर्टात, हसताना. त्यांतले दोन ठेवायचे. पाच सेल्फी, त्यांपैकी दोनांवर त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर. ते दोन सरळ बाद, कारण फिल्टर फक्त त्वचा बदलत नाही, अनेकदा जबडा आणि डोळ्यांचा आकारही बदलतो. उरलेल्या तीन सेल्फींतला एकच घ्यायचा. बाकीचे नऊ फोटो वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या उजेडातले, ते सगळे ठेवायचे. एकूण बारा झाले.

सेल्फी एवढ्या कमी का? हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. कॅमेऱ्याला नाक कानापेक्षा खूपच जवळ असतं. दीड-दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही प्रकारचे फोटो भरपूर घातले तर मॉडेल त्यांची सरासरी काढतं आणि क्लोजअपमधलं नाक लाँग शॉटमधल्या नाकाशी जुळत नाही.

सेल्फीत आणखी एक सापळा असतो. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. तेव्हा तीळ उजव्या गालावर जातो आणि भांग डावीकडे. असा एक फोटो जरी मिसळला तरी पुढे कधी या गालावर तीळ, कधी त्या गालावर, कधी दोन्हीकडे. म्हणून प्रत्येक फोटोत तीळ कुठे आहे ते एकेक करून पाहा आणि उलटे असतील ते सुलटे करून घ्या. याच कारणासाठी ट्रेनिंगमधली `flip_aug` ही सोय बंद ठेवा. फोटो आपोआप उलटे करून संख्या दुप्पट भासवणारी ही सोय वस्तूंसाठी ठीक आहे, माणसाच्या चेहऱ्यासाठी नाही. कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि आपण माणूस ओळखतो तो बराचसा त्या असमानतेवरूनच.

आता बारा फोटो टेबलावर मांडले की कळतं, समोरून आठ, उजवीकडे वळलेले चार, आणि डावी बाजू एकाही फोटोत नीट नाही. प्रसंगात तर भावाशी वाद होताना नट चार पॅनेलमध्ये डाव्या बाजूने दिसणार आहे. जी बाजू मॉडेलने पाहिलीच नाही तिचं नाक ते मनानेच काढणार आणि दर वेळी वेगळं काढणार. इथे प्रॉम्प्ट कितीही घासला तरी उपयोग नाही. नटाकडून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवा. खिडकीच्या उजेडात बसून, कॅमेरा दोन मीटरवर ठेवून, मान हळू फिरवायची आणि प्रत्येक कोनात दोन सेकंद थांबायचं. थांबायचं यासाठी की मान फिरताना काढलेली फ्रेम धूसर येते आणि तो धूसरपणाही मॉडेल शिकतं. त्यातून तीन फ्रेम घेतल्या: डावी पाऊण बाजू, पूर्ण डावी बाजू आणि मान थोडी खाली झुकवलेली. पंधरा फोटो झाले. एवढे पुरतात.

चूक दुसरी: कॅप्शनमध्ये चेहऱ्याचं वर्णन लिहिणे

ही चूक इतकी सर्रास होते की तिला जरा वेळ द्यायला हवा. प्रत्येक फोटोसोबत एक मजकुराची फाइल असते आणि फोटोत काय आहे ते तिच्यात लिहायचं असतं. माणूस मन लावून लिहितो: तपकिरी डोळे, बारीक दाढी, सरळ नाक, गालावर तीळ. इथेच घात होतो.

शिकताना मॉडेल असं चालतं: कॅप्शनमध्ये ज्याचं नाव आहे ती गोष्ट त्या शब्दाच्या खात्यावर जाते. ज्याचं नाव नाही, पण जी फोटोंमध्ये पुन्हा पुन्हा दिसते, ती नटासाठी ठरवलेल्या खास शब्दाच्या खात्यावर जमा होते. तुम्ही दाढी असं लिहिलंत की दाढी त्या खास शब्दापासून सुटी होते आणि पुढे प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये ती मागावी लागते. एखाद्या पॅनेलमध्ये मागायला विसरलात की नट गुळगुळीत दाढी करून हजर.

म्हणजे लिहायचं ते उलटं. जे माणसाचं आहे ते लिहायचं नाही. जे त्या फोटोचं आहे, कपडे, हावभाव, उजेड, मागची भिंत, कोन, ते सगळं लिहायचं. समारंभातल्या फोटोचं कॅप्शन असं होईल:

```
rvkmn man, yellow shirt, laughing, standing against a brick wall, hard flash light
```

यात `rvkmn` हा खास शब्द. तो कुठल्याही भाषेत अर्थ नसलेला असावा. नटाचं खरं नाव वापरलं तर त्या नावाच्या दुसऱ्या कुणाची तरी छाया मॉडेलमध्ये आधीच असू शकते. पुढचा `man` हा वर्ग सांगणारा शब्द, तो तसाच हवा. पिवळा शर्ट आणि हसू यांची नावं घेतली, म्हणून ते चेहऱ्याला चिकटणार नाहीत. शर्टाचं नाव घेतलं नसतं तर पावसातल्या शेवटच्या पॅनेलमध्ये राखाडी जॅकेटच्या आतून पिवळी कॉलर डोकावली असती. कपडे चिकटल्याची ही नेहमीची खूण आहे.

हसण्याचंही तसंच. पंधरापैकी सात फोटोंत नट हसतोय आणि कॅप्शनमध्ये तसं लिहिलं नाही, तर पत्र वाचतानाही त्याच्या ओठांच्या कडा वर उचललेल्या राहतात. प्रॉम्प्टमध्ये दुःखी लिहून ते जात नाही. कॅप्शन दुरुस्त करून पुन्हा शिकवावं लागतं.

चूक तिसरी: शेवटची फाइल सगळ्यात चांगली असं धरून चालणे

ट्रेनिंगसाठी कोह्याच्या, म्हणजे लोरा शिकवणाऱ्या, तयार स्क्रिप्ट वापरत असाल तर फोल्डरच्या नावातच प्रत्येक फोटो एका फेरीत किती वेळा दाखवायचा ते लिहिलेलं असतं:

```
train/8_rvkmn man/
```

पंधरा फोटो, प्रत्येकी आठ वेळा, म्हणजे एका फेरीत 120 पावलं. दहा फेऱ्या केल्या तर 1200. एका माणसाच्या चेहऱ्यासाठी एसडीएक्सएलवर सुरुवात करायला हा आकडा योग्य आहे. महत्त्वाच्या सेटिंग एवढ्याच:

```
--network_module=networks.lora
--network_dim=16 --network_alpha=8
--learning_rate=1e-4 --network_train_unet_only
--train_batch_size=1 --resolution=1024,1024 --caption_extension=.txt
--max_train_epochs=10 --save_every_n_epochs=1
```

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. प्रत्येक फेरीनंतर फाइल जतन झाली की दहा फाइली हातात येतात आणि त्यांतून निवडता येतं. ती ओळ नसेल तर फक्त शेवटची फाइल उरते आणि ती अनेकदा जास्त शिकलेली असते.

जास्त शिकलेली फाइल ओळखायची कशी? चेहरा हुबेहूब येतो, म्हणून आधी आनंद होतो. मग लक्षात येतं की तो कायम एकाच कोनात वळतोय, मागे विटांची भिंत न मागता येतेय, त्वचा भडक आणि कोरलेली दिसतेय, आणि रात्र मागितली तरी चेहऱ्यावर फ्लॅशचा उजेड आहे. मॉडेलला माणूस कळलेला नाही, त्याने फोटो पाठ केलेत. कमी शिकलेल्या फाइलची खूण वेगळी. सगळं ऐकते, पण माणूस नातेवाईक वाटतो.

चाचणी एकाच प्रॉम्प्टवर करू नका. चार प्रॉम्प्ट घ्या: समोरचा क्लोजअप, डावी बाजू, कमरेपर्यंतचा मिड शॉट आणि रात्रीच्या पावसातला लाँग शॉट. चारही प्रसंगाच्या जगातले असावेत, फोटोंतल्या जगातले नव्हेत. एकच सीड ठेवून चौथ्या फेरीपासून दहाव्यापर्यंतच्या फाइली शेजारी शेजारी लावून पाहा. आपल्या उदाहरणात पाचव्या फेरीपर्यंत डावी बाजू डळमळते आणि आठव्यापासून उजेड ऐकेनासा होतो असं धरू. मग सहावी किंवा सातवी घ्यायची. वजन, म्हणजे लोराचा जोर, 0.8 पासून सुरू करा:

```
<lora:rvkmn-000006:0.8> rvkmn man
```

पाचवी चाचणी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण तिच्याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात. लोरा चालू ठेवून, पण खास शब्द गाळून, नुसता `a man in a kitchen` मागा. तिथेही तुमचाच नट आला तर त्याचा चेहरा `man` या शब्दावर सांडला आहे. मग धाकटा भाऊही त्याच्यासारखाच दिसेल आणि रस्त्यावरची माणसंही. त्यावर दोन उपाय. आधीच्या फेरीची फाइल घ्या, किंवा इतर पुरुषांची साधी चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये रेग्युलरायझेशनसाठी देऊन पुन्हा शिकवा, म्हणजे `man` या शब्दाचा मूळ अर्थ टिकून राहतो.

दुसरं एक गुपचूप होणारं नुकसान: लोरा शिकवली मूळ एसडीएक्सएलवर आणि पॅनेल काढली कुणीतरी आवडीनुसार घडवलेल्या मॉडेलवर. अशा मॉडेलना स्वतःचा एक लाडका चेहरा असतो, सरळ नाक, टोकदार जबडा, आणि नट त्या चेहऱ्याकडे ओढला जातो. ज्यावर काम करायचं त्यावरच शिकवणं सगळ्यात सुरक्षित. प्रॉम्प्टमधले `handsome`, `beautiful face`, `perfect skin` यांसारखे शब्दही हीच ओढ लावतात. ते काढून टाका, नट लगेच थोडा परत येतो.

चूक चौथी: लाँग शॉटमध्ये चेहरा बिघडला म्हणून लोराला दोष देणे

पॅनेल एक: नट फाटकातून आत येतोय, पूर्ण उंचीने दिसतोय. चेहरा वितळलेला, डोळे वरखाली. लोराचं वजन 1.2 केलं तर आणखी वाईट. इथे लोराचा काही दोष नाही, हे गणित समजून घेतलं की डोकं शांत होतं.

मॉडेल थेट पिक्सेलमध्ये काम करत नाही. चित्र आधी रुंदी आणि उंची दोन्हींत आठपट आकसलेल्या जाळीत तयार होतं आणि शेवटी उलगडतं. 1344 बाय 768 चं पॅनेल म्हणजे आत 168 बाय 96 घरं. नट उभा, उंची सुमारे 600 पिक्सेल, तर डोकं साधारण 80 पिक्सेल, म्हणजे दहा घरं. भुवयांपासून ओठांपर्यंतचा भाग त्यातल्या चार घरांत. चार घरांत कुणाचाच चेहरा बसत नाही, मग लोरा कितीही चांगली असो.

उपाय म्हणजे चेहऱ्याला जास्त घरं देणे. आधी पूर्ण पॅनेल तसंच काढा आणि चेहऱ्याकडे बघूच नका. फक्त उभं राहणं, जागा, उजेड बरोबर आहे ना ते बघा. मग चेहऱ्यावर मास्क रंगवून इनपेंट करा, म्हणजे तेवढाच भाग नव्याने काढा, आणि क्षेत्र `Only masked` निवडा. त्यामुळे तेवढाच तुकडा मोठा करून त्यावर काम होतं आणि तो परत जागेवर बसवला जातो. मास्कभोवती 48 पिक्सेलच्या आसपास मोकळी जागा ठेवा, म्हणजे मान आणि केस कुठून येतात ते मॉडेलला दिसतं. डीनॉइझिंग, म्हणजे आधीचं चित्र किती बदलायचं ते प्रमाण, 0.35 ते 0.45. त्यापेक्षा कमी ठेवलं तर वितळलेला चेहराच नीटनेटका होतो, 0.6 च्या वर गेलं तर डोक्याचा आकार आणि उजेड दोन्ही उरलेल्या चित्राशी भांडतात.

या पायरीला प्रॉम्प्ट बदलायला हवा आणि तिथेच अनेकांचं चुकतं. मूळ प्रॉम्प्टमध्ये `full body, wide shot, walking through a gate` असतं. तोच ठेवला तर मॉडेल चेहऱ्याच्या तुकड्यात अख्खा माणूस काढायला जातं आणि गालावर एक छोटा माणूस उगवतो. इनपेंटच्या वेळी प्रॉम्प्ट फक्त चेहऱ्याचा आणि उजेडाचा:

```
<lora:rvkmn-000006:0.8> rvkmn man, face, looking down, dim street light from left
```

हेच काम आपोआप करणारी साधनं आहेत, एडिटेलर किंवा कम्फीयूआयमधलं `FaceDetailer`. एकटा नट असेल तिथे ती उत्तम चालतात. भाऊ शेजारी असेल तर मात्र ती सापडेल त्या प्रत्येक चेहऱ्यावर तोच प्रॉम्प्ट लावतात आणि दोघे जुळे होतात. दोन माणसांच्या पॅनेलमध्ये दोन लोरा एकाच वेळी लावल्या तरी हेच होतं, चेहरे एकमेकांत मिसळतात. वादाच्या पॅनेलसाठी क्रम असा ठेवा: एकही लोरा न लावता दोन माणसांची मांडणी, मग पहिल्या चेहऱ्यावर मास्क आणि त्याची लोरा, मग ती काढून दुसऱ्या चेहऱ्यावर दुसरी. वेळ जास्त लागतो, पण निकालाची खात्री असते.

आणि डोकं 40 पिक्सेलहून लहान असेल तर चेहऱ्याच्या मागे लागूच नका. अशा अंतरावर नट ओळखू येतो तो जॅकेटवरून, केसांच्या आकारावरून आणि चालण्यावरून. तिथे कोरीव चेहरा चिकटवला तर तो स्टिकरसारखा दिसतो.

चूक पाचवी: पोझ देताना दुसऱ्याचा चेहरा घुसवणे

फोन कानाला लावून खिडकीकडे पाठ फिरवलेला नट शब्दांत सांगणं कठीण, म्हणून कंट्रोलनेटला, म्हणजे मांडणी ठरवून देणाऱ्या जोडसाधनाला, एक नमुना फोटो दिला जातो. त्यातून खोलीचा नकाशा, म्हणजे डेप्थ, किंवा कडांच्या रेषा काढल्या, तर त्या नमुन्यातल्या माणसाचा जबडा, कपाळ आणि केसांची रेषाही सोबत येतात. लोरा नटाचा चेहरा मागते, कंट्रोलनेट दुसऱ्याचा सांगाडा धरून बसतं, आणि दोघांच्या मधला कुणीतरी बाहेर येतो. पोझच हवी असेल तर सांध्यांचे ठिपके देणारं ओपनपोझ वापरा. चेहऱ्याचे ठिपके मात्र बंद ठेवा, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांमधलं अंतर त्यांतूनही येतं. डेप्थ वापरणं भागच असेल तर नकाशातला डोक्याचा भाग ब्रशने पुसट करा आणि त्याचा अंमल अर्ध्या पावलांवर, म्हणजे 0.5 ला संपवा.

लोराऐवजी आयपी-अॅडॅप्टर वापरणाऱ्यांना एक वेगळा बिघाड भेटतो. त्यात शिकवणं नसतं, एकदोन फोटो थेट दाखवायचे असतात. पण त्याचा फोटो वाचणारा भाग चित्र आधी 224 बाय 224 च्या चौकोनात बसवतो, आणि उभा फोटो दिला तर साधारणपणे मधला चौकोन घेऊन वरचा-खालचा भाग कापतो. पूर्ण उंचीच्या फोटोत चेहरा वर असतो, म्हणजे नेमका तोच कापला जातो, आणि मग शर्ट हुबेहूब पण चेहरा भलताच. चेहऱ्याभोवती चौकोनी कातरून द्या. शिवाय हे साधन फोटोतला कोन, हावभाव आणि उजेडही उचलतं, त्यामुळे चौदा पॅनेलला एकच फोटो दिला तर चौदा वेळा तोच चेहरा तसाच बघत बसतो. वजन 0.5 ते 0.7 च्या मध्ये ठेवा आणि पॅनेलमध्ये ज्या बाजूने चेहरा हवा त्या बाजूचा फोटो द्या.

हावभावांबद्दल थोडं. `sad`, `angry` असे शब्द फार ढोबळ पडतात. त्यांतून मॉडेलला माहीत असलेला एक ठरावीक रडका किंवा रागीट चेहरा येतो आणि नट मागे पडतो. त्याऐवजी स्नायूंचं वर्णन करा: भुवया एकमेकींकडे ओढलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, नजर खाली. नट स्वतः जसा दुःखी होईल तसा होतो.

चूक सहावी: मागच्या पॅनेलवरून पुढचं काढणे

चौथं पॅनेल सुरेख जमलं, म्हणून तेच पाचव्यासाठी संदर्भ म्हणून दिलं, पाचव्यावरून सहावं. छायाप्रतीची छायाप्रत काढावी तसं हे होतं. प्रत्येक पायरीला अगदी थोडी चूक होते आणि ती पुढच्या पायरीला खरी धरली जाते. शेजारच्या दोन पॅनेलमध्ये फरक दिसतच नाही, म्हणून लक्षात येत नाही. पहिलं आणि चौदावं शेजारी ठेवलं की दोन माणसं दिसतात. प्रत्येक पॅनेल मूळ लोरावरूनच काढा आणि तुलना नेहमी फोटोशी करा, मागच्या पॅनेलशी नाही.

सीड तोच ठेवला की माणूस तोच राहतो, हाही असाच एक गैरसमज. सीड फक्त सुरुवातीचा गोंगाट ठरवतो. शब्द बदलले की त्याच गोंगाटातून दुसरा चेहरा निघतो, मात्र डोकं चौकटीत त्याच जागी राहायला बघतं. त्यामुळे सगळी पॅनेल एकाच फ्रेमिंगची होतात, आणि स्टोरीबोर्डसाठी ते तर उलट नुकसानच.

पॅनेल क्रमाने काढायची गरज नाही. शूटिंगचं वेळापत्रक लावतात तसं उजेडाप्रमाणे गट करा. घरातल्या दिव्याची आठ, अंगणातली दोन, पावसातली चार. एका गटात उजेडाचे आणि कपड्यांचे शब्द अक्षरशः तेच ठेवा, कॉपी करून. `grey jacket` एकदा आणि `gray coat` दुसऱ्यांदा लिहिलंत की जॅकेटची लांबी बदलते. जॅकेटची चेन उघडी की बंद, तेही त्या ओळीत असू द्या. आधी त्या गटातला क्लोजअप पक्का करा, कारण बाकी सगळे त्याच्याशी जुळवायचे आहेत.

पेन्सिलच्या रेषांतला स्टोरीबोर्ड हवा असेल तर ती शैली थेट मागू नका. रेषांची शैली आणि फोटोवरून शिकलेला चेहरा यांची ओढाताण होते आणि हरतो तो चेहरा. पॅनेल आधी फोटोसारखी काढा, चेहरे पक्के करा आणि मग सगळ्यांवर एकाच पद्धतीने रेषा व करडा रंग चढवा.

शेवटी तपासणी. चौदाही पॅनेलमधले चेहरे कापून, एकाच उंचीला आणून, करड्या रंगात एका पानावर ओळीने लावा आणि ओळीच्या सुरुवातीला दोन मूळ फोटो ठेवा. रंग काढल्याने उजेडाच्या फरकाने डोळा फसत नाही. एकूण छाप बघू नका, खुणा तपासा: तीळ कुठल्या गालावर, भांग कुठे, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, भुवई आणि डोळा यांतलं अंतर, केसांची रेषा.

तीळ दुसऱ्या गालावर सापडला तर ट्रेनिंगला दोष देण्याआधी एक बघा. वादाच्या प्रसंगात नट चौकटीत डावीकडे आणि भाऊ उजवीकडे असं ठरलेलं असतं आणि एखाद्या पॅनेलमध्ये ते उलट येतं. तेव्हा घाईत ते चित्र आडवं उलटवून दिलं जातं. दिशा जुळते, पण तीळ, भांग आणि जॅकेटच्या चेनची बाजू, तिन्ही पलटतात. असं पॅनेल टाकून देण्याची गरज नाही. उलटवलेली मांडणी तशीच ठेवून फक्त चेहरा आणि केस 0.45 वर पुन्हा इनपेंट करा. जुना तीळ त्यातूनही टिकून राहिला तर आधी तो साध्या ब्रशने पुसा, आणि चेनची बाजू वेगळा मास्क घेऊन दुरुस्त करा.